सर, x काढायचा आहे, पण कशातून? गणिताच्या गृहपाठाबद्दल शाळेला खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापक सर आणि गणित शिकवणारे सगळे सर-मॅडम,

शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही आणि पालकांशी बोलल्यावर असं दिसतं की हे एकाच शाळेत चाललेलं नाही. तुम्ही हे वाचलं तर तुम्हाला कळेलच की तुमच्याबद्दल आहे. पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे कारण आधी ऑफिसात चिठ्ठी दिली होती, पालकसभेतही विषय काढला होता, दोन्ही वेळेला "बघतो" एवढंच उत्तर मिळालं.

मी मानेवाड्याला राहते, संध्याकाळी घरी नववी-दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेते, त्यात माझी भाचीही आहे आणि गल्लीतली बरीच पोट्टे तुमच्याच शाळेतली आहेत. ज्यांच्या घरी कोणी गणित बघू शकत नाही अशीच जास्त, एकाचे बाबा पहाटे कॉटन मार्केटला भाजीचा माल उचलायला जातात आणि रात्री येऊन झोपतात, एकीची आई दोन घरी स्वयंपाक करते. त्यांच्यासाठी गृहपाठ म्हणजे शाळेतून घरी येणारी एकमेव गोष्ट, म्हणून ती पूर्ण असावी एवढाच माझा हट्ट आहे.

या सत्रात शाळा उघडल्यापासून तुम्ही दोन निर्णय घेतले. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून गणिताची पुस्तकं आणि तुमचे स्वतःचे सरावाचे कागद वर्गातल्या कपाटातच ठेवायचे, आणि गृहपाठ व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका ओळीत टाकायचा. पहिल्या निर्णयाला माझा विरोध नाहीच. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको हे 2020 च्या दप्तर धोरणातही आहे, आणि जुलैच्या पावसात पाठीवर ओलं पोतं घेऊन चालणारी पोरं मी रोज बघते. विरोध आहे तो त्या एका ओळीला. पुस्तक शाळेत ठेवलं तर प्रश्न पूर्णच्या पूर्ण घरी आला पाहिजे ना, तो आलाच नाही तर मुलाने सोडवायचं काय?

आता बोलते ती नेमकी गोष्ट, म्हणजे उगाच ओरडते असं वाटायला नको. दहावीच्या ग्रुपवर असा मेसेज होता: "भूमिती. त्रिकोण सराव. प्र. 4, x काढा. उद्या तपासणार." बास. प्रश्नाची भाषा नाही, आकृती नाही, दिलेल्या किमती नाहीत, उत्तर कशात लिहायचं ते नाही. हा "त्रिकोण सराव" म्हणजे बालभारतीच्या पुस्तकातला सरावसंच नव्हता, तो सरांनी फळ्यावर लावलेला त्यांचा कागद होता, त्यामुळे बालभारतीची पीडीएफ मोबाइलवर उघडूनही काही हाती लागणार नव्हतं. पुस्तकातला सरावसंच असता तर मी तक्रारच केली नसती, प्रकरण आणि नंबर कळला की पीडीएफमधून दोन मिनिटात प्रश्न सापडतो.

पोरांना विचारलं, काय काय आठवते ते सांगा. एक म्हणाली 30 अंशाचा कोन होता. दुसरा म्हणाला 8 आणि 5 अशा दोन बाजू होत्या, x म्हणजे तिसरी बाजू. तिसऱ्याने वहीत एक त्रिकोण काढलेला होता पण त्यावर आकडेच नव्हते, कारण आकडे टाकायच्या आधी तास संपला. चला, निदान तीन किमती तर मिळाल्या, आणि x तिसरी बाजू आहे हेही मिळालं. बाहेरच्या माणसाला वाटेल आता काय राहिलं, सोडवून टाका. पण इथेच खरी अडचण सुरू होते, आणि तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळते.

समजा 30 अंशाचा कोन 8 आणि 5 या दोन बाजूंच्या मध्ये आहे. हे बाकोबा झालं, त्रिकोण एकच बनतो. 8 च्या बाजूच्या टोकावरून समोरच्या बाजूवर लंब टाकला तर 30-60-90 च्या प्रमेयाने तो लंब 4 येतो, कर्णाच्या निम्मा, आणि कोनापासून लंबाच्या पायापर्यंतचं अंतर 4√3 म्हणजे साधारण 6.93. समोरची बाजू फक्त 5 आहे म्हणून लंबाचा पाय बाजूच्या बाहेर पडतो, साधारण 1.93 पुढे. पायथागोरस लावला की x साधारण 4.44 येतो.

आता समजा 30 चा कोन 8 च्या बाजूसमोर आहे. तेव्हाही त्रिकोण एकच बनतो, पण x येतो साधारण 11.93. कुठे 4.44 आणि कुठे 11.93, आणि दिलेले आकडे तेच तीन.

आणि आता समजा 30 चा कोन 5 च्या बाजूसमोर आहे. ही गोष्ट मी पोरांना कंपास हातात देऊन करायला लावली, कारण ती बोलून कळत नाही. A वर 30 अंशाचा कोन काढा. एका किरणावर 8 सेमीवर B घ्या. आता कंपासात 5 सेमी घ्या, टोक B वर ठेवा आणि दुसऱ्या किरणावर कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी कापतो! एकदा A च्या जवळ, एकदा लांब. म्हणजे C च्या दोन जागा, दोन वेगळे त्रिकोण, दोघांतही कोन 30, बाजू 8 आणि 5. B पासून किरणावर लंब BD टाकला तर तो 4 आणि AD म्हणजे 4√3, आता 5 चा कर्ण आणि 4 ची बाजू असल्यामुळे DC येतो 3. C हा D च्या पलीकडे असेल तर AC = 4√3 + 3, साधारण 9.93. C हा A आणि D च्या मध्ये असेल तर AC = 4√3 − 3, साधारण 3.93.

पोरांनी कंपास उघडझाक करून आणखी बघितलं. 4 पेक्षा कमी घेतलं तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही, त्रिकोणच नाही. बरोबर 4 घेतलं तर फक्त टेकतो, एकच त्रिकोण आणि तो काटकोनी. 4 ते 8 च्या मध्ये दोन. 8 किंवा जास्त घेतलं तर परत एकच. आपल्या पुस्तकात एकरूपतेच्या कसोट्या बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा आहेत पण बाबाको नाही, ती याच कारणाने नाही, आणि कर्णभुजा कसोटी चालते कारण तिथे कोन काटकोन असतो. दहावीतल्या एका पोरीने मला विचारलं, "काकू, मग सरांना कोणता पाहिजे?" मी काय सांगू? चार त्रिकोण, चार उत्तरं: 4.44, 11.93, 9.93, 3.93. चारही बरोबर सोडवलेली. आणि हे सगळं, पोरांना तीन आकडे आठवले म्हणून. ज्या घरात काहीच आठवलं नाही तिथे तर सोडवायला सुरुवातच होत नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की कागदावर 9.93 वाली आकृती होती, BD लंब काढलेला आणि D हा A आणि C च्या मध्ये. आता यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ऐका. ज्या मुलीने चारही शक्यता वहीत आकृत्यांसह मांडल्या तिच्या वहीत लाल शाईने "उत्तर चूक, गृहपाठ अपूर्ण" असा शेरा आला, कारण फळ्यावर 9.92 होतं. सरांनी √3 = 1.73 घेतलं होतं, म्हणून 4 × 1.73 म्हणजे 6.92 आणि त्यात 3. तिने 1.732 घेतलं होतं, म्हणून 6.928 आणि 3, म्हणजे 9.928, दोन दशांश स्थळांपर्यंत 9.93. दोघंही बरोबर आहेत. उत्तर √3 ठेवूनच लिहायचं की √3 ची किंमत टाकून, आणि टाकायची तर कोणती, हे मेसेजमध्ये असतं तर हा वादच झाला नसता. बालभारतीच्या उदाहरणांत गरज असते तिथे √3 = 1.73 किंवा π = 3.14 असं कंसात लिहिलेलं असते, ते कोणी हौस म्हणून छापत नाही.

म्हणून माझी पहिली तक्रार ही की प्रश्नाची भाषाच येत नाही. "x काढा" हा प्रश्न नाही, तो प्रश्नाचा शेवटचा तुकडा आहे. तुम्हीच वर्गात पोरांना शिकवता की प्रमेय लिहिताना आधी पक्ष, मग साध्य, मग लागली तर रचना, मग सिद्धता. पक्ष न लिहिता सिद्धता लिहिली तर तुम्ही पोरांचे मार्क कापता, आणि ते योग्यच आहे. मग गृहपाठ देताना पक्ष कुठे जातो? मुलाकडे फक्त साध्य पोचते, तेही अर्धं.

दुसरी तक्रार आकृतीची. मला कोणी म्हणेल, मुलांनी वर्गात फळ्यावरून आकृती उतरवून घ्यायला पाहिजे. हो, घ्यायला पाहिजे, मीही सांगते. पण उतरवताना काय सुटते ते बघा जरा वह्या काढून. काटकोनाची ती छोटी चौकट सुटते. समान बाजूंवरच्या आडव्या खुणा सुटतात. समांतर रेषांवरचे बाण सुटतात. आणि D बिंदू बाजूवर आहे की वाढवलेल्या रेषेवर आहे हे तर घाईत काढलेल्या आकृतीत कळतच नाही, वरच्या उदाहरणात 9.93 आणि 3.93 मधला सगळा फरक तेवढाच आहे. खूण नसलेली आकृती घरी आली की मूल डोळ्याने अंदाज करते, "हा काटकोन दिसते, हे समान दिसते", आणि काही पोरं तर पट्टी लावून x मोजतात. भूमितीत आकृती मोजून उत्तर काढायचं नसते हे आपण शिकवायचं आणि त्यांना पर्याय मात्र तोच ठेवायचा, हे मला पटत नाही. शिवाय त्या दिवशी तापाने घरी असलेलं मूल, त्याने कुठून उतरवायचं?

तिसरी, किमती आणि काय काढायचं ते. हे फक्त भूमितीतच होते असं नाही. महत्त्वमापनाच्या वेळी मेसेज होता, "टाकीचं पृष्ठफळ काढा, त्रिज्या 7, उंची 10." आता टाकी म्हणजे वृत्तचिती असेल असं धरू. नुसतं वक्रपृष्ठफळ पाहिजे असेल तर 22/7 घेऊन 440 येते. वरखाली दोन्ही बंद धरली तर 748. वरून उघडी असेल, म्हणजे फक्त तळ धरायचा, तर 440 आणि 154 मिळून 594. आणि π 3.14 घेतला तर तिन्ही उत्तरं परत थोडीथोडी बदलतात. एकक तर लिहिलेलंच नव्हतं, सेंटीमीटर की मीटर. झाकण आहे की नाही एवढा एक शब्द टाकायला किती वेळ लागते?

यावर एक जुनं उदाहरण सांगते, कारण आपल्याकडे गणित पूर्ण मांडायची रीत आजची नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, 1150 च्या सुमाराची, मोर आणि सापाचं गणित आहे. 9 हात उंच खांबावर मोर बसलेला, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून म्हणजे 27 हातांवरून साप बिळाकडे येतो आहे, मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल. उत्तर 12 हात. सापाने 15 हात कापले, मोरानेही 15, आणि 9, 12, 15 हा काटकोन त्रिकोण जुळतो. इथे आकृती नसली तरी चालते, कारण शब्दांत सगळं आहे. यातून फक्त "दोघांचा वेग सारखा" एवढे शब्द काढून बघा. गणित कठीण होत नाही, ते सुटूच शकत नाही, बिळापासून 5 हातांवरही गाठ पडू शकते आणि 20 हातांवरही. मी हे पोरांना करून दाखवलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं की काही गणितं आपल्याला येत नाहीत म्हणून अडत नाहीत, ती दिलीच अर्धी असतात म्हणून अडतात. दहावीच्या पोराला हा फरक कळणं फार मोठी गोष्ट आहे, कारण नाहीतर प्रत्येक वेळेस ते स्वतःलाच ढ समजून घेते.

चौथी तक्रार, आणि ही गणिताची नाही पण सगळ्यात जास्त नडते तीच. ग्रुपवर फक्त अॅडमिनच लिहू शकतात अशी सेटिंग आहे. म्हणजे मुलाला किंवा आईवडिलांना "सर, आकृती पाठवता का" एवढंही विचारता येत नाही. मला कळते का केलं असेल, गुड मॉर्निंगचे फोटो आणि भलत्या गोष्टी येतात, शिक्षक वैतागतात. पण अर्धा प्रश्न टाकायचा, विचारायची वाट बंद ठेवायची आणि सकाळी वही तपासून शेरा मारायचा, या तीन गोष्टी एकत्र झाल्या की मुलाकडे एकच रस्ता उरतो. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याचं उतरवायचं. रात्री नऊ-दहाला पोट्टे आपापसात फोटो फिरवून राहिले असतात, मी बघते. एकाने कुठूनतरी 9.92 आणलं की सगळ्यांच्या वहीत 9.92.

तुम्हाला हे वह्यांवरून ओळखता येईल, मुद्दाम बघा. वीस वह्यांत उत्तर एकच पण आकृती एकतर नाहीच किंवा प्रत्येकात वेगळी. पायऱ्या मधेच सुरू होतात, "4√3 + 3 =" इथून, 4 कुठून आला त्याची ओळ नाही. कारण म्हणून लिहायचं ते "पायथागोरस" असं नुसतं नाव, कोणत्या त्रिकोणात लावलं ते नाही. अशा मुलाला उभं करून एवढंच विचारा, "30 चा कोन कोणत्या बाजूसमोर आहे?" उतरवलेलं असेल तर उत्तर येणार नाही. त्याला रागावू नका, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता.

आणि याचा फटका परीक्षेत बसते. बोर्डाच्या भूमितीच्या 40 मार्कांच्या पेपरात प्रश्न पूर्ण असतो, किमती असतात, पाहिजे तिथे आकृती असते. ज्या पोराला वर्षभर प्रश्न न वाचता, आठवणीतून आणि अंदाजाने सोडवायची सवय लागली ते तिथेही दिलेली माहिती वाचत नाही, सरळ सूत्र शोधायला धावते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी आता प्रत्येक गणिताच्या आधी तीन ओळी लिहायला लावते, दिलेलं काय, काढायचं काय, उत्तर कशात, आणि मगच पेन पुढे सरकते. सुरुवातीला कंटाळतात, "काऊन लिहायचं काकू, उत्तर तर येते ना" म्हणतात. पण तुमच्या मेसेजवरून या तीन ओळी लिहायला बसले की तिन्ही कोऱ्या राहतात.

मला माहीत आहे तुमच्यावर किती कामं आहेत. निवडणुकीचं काम, माहिती भरायचं काम, एका वर्गात साठ-साठ मुलं, हे सगळं दिसते. म्हणून मी जास्तीचं काम सांगत नाही, त्याच मेसेजमध्ये दोन ओळी मागते. वरचाच प्रश्न असा लिहिला असता तर:

"त्रिकोण ABC मध्ये ∠A = 30°, AB = 8 सेमी, BC = 5 सेमी, BD ⊥ AC आणि A-D-C. AC काढा. उत्तर √3 ठेवून लिहा."

यात आकृतीचा फोटोसुद्धा नाही, तरी उत्तर एकच, 4√3 + 3. A-D-C हे जे आपण शिकवतो, की D हा A आणि C च्या मध्ये आहे, त्या तीन अक्षरांनी 3.93 वाला त्रिकोण बाद होतो, कारण त्यात A-C-D असते. ∠A च्या समोर BC आहे म्हणून 4.44 आणि 11.93 दोन्ही बाद. हे टाइप करायला एक मिनिट लागते, आणि टाइप करायचं नसेल तर कपाटातल्या कागदाचा एक फोटो काढून टाका, तेही चालते, फक्त फोटोत खुणा आणि आकडे वाचता आले पाहिजेत आणि कडेचा प्रश्न कापला जायला नको.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत. गृहपाठाच्या प्रत्येक गणिताची पूर्ण भाषा किंवा तिचा स्पष्ट फोटो ग्रुपवर यावा. प्रश्न बालभारतीच्या पुस्तकातला असेल तर भाग, प्रकरण, सरावसंच आणि उपप्रश्नाचा नंबर द्यावा, तेवढं पुरते. आकृती असेल तर खुणांसकट द्यावी, आणि आकृती दिलेलीच नसेल, मुलाने स्वतः काढायची असेल, तर तसं लिहावं, म्हणजे मूल आकृती शोधत बसणार नाही. π, √2, √3 च्या किमती कोणत्या घ्यायच्या, उत्तर मुळात ठेवायचं की दशांशात, किती दशांश स्थळांपर्यंत, एकक कोणतं, हे लिहावं.

ग्रुप संध्याकाळी अर्धा तास तरी प्रश्न विचारायला उघडा ठेवावा, किंवा वर्गातल्या दोन मुलांना शंका गोळा करून पाठवायची जबाबदारी द्यावी, ज्यांना जे सोयीचं ते.

आणि शेऱ्यांबद्दल. माहिती अपुरी असताना मुलाने वहीत "∠A कोणत्या बाजूसमोर ते दिलेलं नाही, म्हणून शक्यता अशा" असं लिहून प्रत्येक शक्यता सोडवली असेल, तर त्याला अपूर्ण म्हणू नये, पूर्ण मार्क द्यावेत. ज्या मुलीच्या वहीत तो लाल शेरा आहे तो बदलावा. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, पण वहीवर सरांची सही आहे, सापडेल. ती तेव्हापासून शक्यता लिहीतच नाही, ग्रुपवर फिरणारं उत्तर उतरवते, आणि हे मला सहन होत नाही कारण ती माझ्याकडची सगळ्यात नेटाने विचार करणारी पोरगी आहे.

येत्या पालकसभेत मी हे पत्र आणि पोरांनी कंपासने काढलेल्या चार आकृत्या घेऊन येणार आहे. इतर पालकांनाही विनंती, तुमच्या मोबाइलवर आलेले असे अर्धे गृहपाठ जपून ठेवा आणि सोबत आणा. शाळेने त्याआधी लेखी कळवलं की पुढच्या सोमवारपासून प्रश्न पूर्ण येतील, तर सभेत मी हा विषय काढणार नाही. तुमचे सरावाचे कागद टाइप करायला माणूस नसेल तर ते मला द्या, मराठीत आकृत्यांसकट टाइप करून देते, पैसे नको.

आपली,
मानेवाड्यात दहावीची शिकवणी घेणारी एक काकू, नागपूर